डक्ट आणि केबल ट्रे एकाच लेव्हलला: डक्ट चपटा करायचा की ट्रे उचलायचा?

कंत्राटदाराची विचारणा: "दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये ग्रिड ४ आणि ५ च्या मध्ये ८०० बाय ४०० चा सप्लाय डक्ट आडवा जातो, तिथे ६०० चा केबल ट्रे थेट डक्टमध्ये येतोय. ट्रे दोन्ही बाजूंनी लागलेला आहे, केबल अजून ओढलेल्या नाहीत. ट्रे न हलवता डक्ट १३०० बाय २०० चा करून ट्रेखालून नेला तर चालेल का? सीलिंगपर्यंत २५० मिमी जागा उरते. स्केच जोडले आहे. लवकर कळवावे, सीलिंगवाला थांबलाय."

उत्तर:

डक्ट चपटा करू नका. डक्ट आहे त्या मापाचा, आहे त्या लेव्हलला राहील. ट्रे दोन बीमच्या मधल्या खोबणीत ३०० मिमी उचलून डक्टवरून न्यायचा आहे, चढ-उताराला ३० अंशाची आणि ६०० मिमी त्रिज्येची तयार फिटिंग्ज लावून. ही फिटिंग्ज मागवण्याआधी जागेवरची दोन मापे मला हवी आहेत, ती शेवटी लिहिली आहेत. तोवर या बेमध्ये केबल ओढू नका. कॉरिडॉरच्या बाकीच्या भागात काम चालू ठेवायला हरकत नाही.

तुमच्या स्केचमध्ये २५० मिमी कुठून आले ते मी तपासले. ट्रेचा तळ तयार फरशीपासून ३०५० वर आहे. त्यातून डक्टचे २०० वजा केले की २८५०, आणि सीलिंग २६०० वर, म्हणून २५०. वजाबाकी बरोबर आहे, पण ती नुसत्या पत्र्याची आहे. डक्ट लागतो तेव्हा पत्र्याच्या बाहेर बरेच काही असते. आता तीच उतरंड मधले काही न सोडता मांडतो.

ट्रेच्या तळाशी त्याचे सपोर्ट चॅनल आहे, ४१ मिमी. म्हणजे आपण ३००९ वर आलो. ट्रे आणि डक्ट यांच्यात ५० मिमी मोकळे हवेत, नाहीतर इन्सुलेशन लावणाऱ्याचा हात जात नाही आणि पुढे चॅनल इन्सुलेशनवर घासत बसते. झाले २९५९. डक्टचा फ्लँज पत्र्याच्या बाहेर ३० मिमी येतो आणि थंड हवेचा डक्ट असल्याने फ्लँजवरूनही २५ मिमी इन्सुलेशन जाते. हे ५५ धरले की पत्र्याची वरची बाजू २९०४ वर येते. पत्र्याचे २०० वजा केले की तळ २७०४. खाली पुन्हा फ्लँज आणि इन्सुलेशनचे ५५, म्हणजे २६४९. आणि जिथे डक्टचा हँगर आहे तिथे पत्रा, २५ इन्सुलेशन आणि ४१ चॅनल मिळून २६३८. चॅनलच्या खाली नट आणि रॉडचे टोक येते ते वेगळेच.

सीलिंगचा पृष्ठभाग २६०० वर असला तरी त्याची फ्रेम २६५० पर्यंत येते. म्हणजे २५० मिमी शिल्लक दिसत होते तिथे फ्लँज फ्रेमला टेकतो आणि हँगरचे चॅनल फ्रेमच्या १२ मिमी आत घुसते. त्या पट्ट्यात लाइट फिटिंगही बसणार नाही. असा डक्ट साइटवर बसवला जातोच, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. मग चॅनलखालचे इन्सुलेशन दाबले जाते, पहिल्या दमट दिवसांत तिथेच पाणी सुटते आणि सीलिंगवर डाग येतो. डाग दिसला की सगळे इन्सुलेशनवाल्याकडे बोट दाखवतात.

दुसरी अडचण आडवी आहे. कॉरिडॉर भिंतीपासून भिंतीपर्यंत २४०० मिमी. डक्ट ८०० वरून १३०० करायचा तर प्रत्येक बाजूला २५० ने पसरवावा लागेल. हवा पत्रा सोडून भोवरे करू नये म्हणून एका बाजूचा उतार मी १५ अंशांच्या पुढे जाऊ देत नाही. त्या हिशेबाने एका ट्रान्झिशनची लांबी साधारण ९३० मिमी होते. दोन ट्रान्झिशनचे १८६० आणि मध्ये ट्रेच्या रुंदीइतका सरळ तुकडा, ६०० चा. बेरीज २४६० च्या आसपास, म्हणजे कॉरिडॉरच संपला. शाफ्टच्या भिंतीत फायर डॅम्पर आहे, त्याच्या शेजारी तपासणीचे दार असलेला सरळ तुकडा लागतो, तो यात धरलेलाच नाही. ट्रान्झिशन आखूड करून बसवता येईल, पण मग इतक्या आखूड अंतरात डक्ट पसरतो, खाली उतरतो, पुन्हा आवळतो आणि वर चढतो. त्याचा आवाज खालच्या सीलिंगमधून ऐकू येईल.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अशा प्रस्तावाला 'प्रेशर वाढेल' एवढे एका ओळीत लिहून नकार देण्याची पद्धत आहे. या डक्टमधून सेकंदाला १.६ घनमीटर हवा जाते. ८०० बाय ४०० मध्ये तिचा वेग ५ मीटर प्रतिसेकंद आहे, तुमच्या मापात तो ६.२ च्या आसपास जातो. घर्षण मीटरला अर्ध्या पास्कलवरून सव्वा पास्कलवर जाते, म्हणजे अडीच पट. 'अडीच पट' ऐकायला मोठे वाटते, पण कॉरिडॉर अडीच मीटरचाही नाही, त्यामुळे सरळ पत्र्यातली वाढ दोन पास्कलही होत नाही. पंख्याला ती कळणारसुद्धा नाही. दोन ट्रान्झिशन आणि दोन चढ-उतार यांचा तोटा याहून जास्त आहे, तरी तोही सांभाळता आला असता. माझा नकार प्रेशरसाठी नाही, डक्ट तिथे बसतच नाही म्हणून आहे. शिवाय १३०० बाय २०० म्हणजे साडेसहास एक असे प्रमाण होते. मी चारास एकच्या पुढे जायचे टाळतो, कारण एवढा रुंद आणि चपटा पत्रा पंखा चालू-बंद होताना डबा वाजल्यासारखा वाजतो, आणि तो थांबवायला लावलेले स्टिफनर पुन्हा उंची खातात.

मग डक्टच वर का उचलत नाही, असे तुम्ही विचाराल. बीमचा तळ ३२५० वर आहे, स्लॅबचा ३७५० वर. मधली खोबण ५०० मिमीची आहे आणि डक्टला फ्लँज-इन्सुलेशन धरून ५१० लागतात. म्हणजे डक्ट पूर्णपणे खोबणीत शिरत नाही. ते सोडले तरी डॅम्पर भिंतीत पक्का झाला आहे, २८०० ते ३२०० या लेव्हलला, भोवतीचे फायर सीलही भरून झाले आहे. तो काढायचा म्हणजे भिंत फोडणे, नवी लिंटेल, नवे सील आणि पुन्हा तपासणी. ट्रेची चार फिटिंग्ज त्यापुढे काहीच नाहीत. ट्रे खाली नेण्याचा विचारही सोडून द्या. डक्टचा खालचा फ्लँज २७४५ वर संपतो, त्याखाली ५० मोकळे आणि १०० चा ट्रे धरला तर ट्रेचा तळ २५९५ वर, म्हणजे थेट सीलिंगच्या खाली डोकावतो. आणि थंड डक्टच्या खाली वीजेच्या केबल मी जागा असतानाही शक्यतो नेत नाही. इन्सुलेशनला कुठे टाचणीएवढे भोक राहिले तरी पाणी केबलवर पडते.

आता ट्रे वर. डक्टच्या पत्र्याची वरची बाजू ३२००, वर फ्लँज-इन्सुलेशनचे ५५, म्हणजे ३२५५. ट्रेचा तळ ३३५० वर ठेवला तर त्याच्या ४१ च्या चॅनलचा तळ ३३०९ वर येतो आणि डक्टपासून ५४ मिमी मोकळे राहतात. ट्रेची बाजूची पट्टी १०० ची, ती ३४५० वर संपते. वर स्लॅबपर्यंत ३०० मिमी उरतात. केबल मांडायला, टाय मारायला आणि पुढे कधी एखादी जादा केबल टाकायला एवढे पुरतात. स्लॅबला फुगवटा असेल तर २५० पर्यंत मी मान्य करीन, त्याखाली नाही.

तर चढ ३०० मिमीचा. हा चढ कसा करायचा, यात खरी मेख आहे. साइटवर सहसा दोन प्रकार होतात. एक, बाजारात पटकन मिळतात म्हणून ३०० त्रिज्येचे ४५ अंशाचे बेंड आणले जातात. दोन, ट्रेच्या बाजूच्या पट्टीला ग्राइंडरने त्रिकोणी काप देऊन ट्रे जागेवर वाकवला जातो. दोन्ही चालणार नाहीत.

या ट्रेमधली सर्वात जाड केबल ४ कोर १२० चौरस मिमीची आर्मर्ड आहे. मंजूर झालेल्या पत्रकात तिचा बाहेरचा व्यास ४६ मिमी आणि वाकवण्याची किमान त्रिज्या व्यासाच्या १२ पट दिली आहे, म्हणजे ५५२ मिमी. ३०० च्या बेंडमध्ये ती बसवायला गेलात तर ती ट्रेला धरून बसणारच नाही, कमानीसारखी वर उठेल. जबरदस्तीने टाय मारून बसवली तर आर्मरच्या तारा उघडतात आणि आतल्या कोरच्या इन्सुलेशनवर कायमचा ताण राहतो. मेगर टेस्टमध्ये त्या दिवशी काही दिसत नाही, म्हणूनच हा दोष फसवा आहे. ग्राइंडरच्या कापाला तर त्रिज्याच नसते, धार असते, शिवाय गॅल्व्हनायझिंग जाते.

५५२ हवेत म्हणून ६०० त्रिज्येचे बेंड घ्यायचे, पण त्यातही एक बारकावा आहे. चढाच्या वरच्या बेंडला केबल वळणाच्या आतल्या बाजूने ट्रेवर टेकते, त्यामुळे तिला पूर्ण ६०० मिळतात. खालच्या बेंडला उलटे होते: ट्रे वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतो आणि केबल त्याच्या आत. तिथे केबलच्या आतल्या कडेला मिळतात ६०० वजा ४६, म्हणजे ५५४. किमान ५५२ हवेत, आपण दोन मिलिमीटरने पास होतो. म्हणून पुरवठादाराने '५५० पण चालेल' म्हटले तर नाही म्हणा. आणि जाड केबल ट्रेमध्ये दुसरीच्या डोक्यावर चढवू नका, खालच्या बेंडला ती त्रिज्या आणखी कमी होते. सगळ्या केबल एकाच थरात राहतील एवढी रुंदी ट्रेला आहे.

४५ अंश का नको? ६०० त्रिज्येचे ४५ अंशाचे दोन बेंड एकमेकांना सरळ जोडले, मध्ये एक इंचही तुकडा घातला नाही, तरी ट्रे ३५१ मिमी चढतो. आपल्याला ३०० हवेत. म्हणजे ४५ ने ते साधतच नाही. कोणीतरी मग बेंड कापून बसवणार. ३० अंशाच्या दोन बेंडमध्ये १६१ मिमी चढ मिळतो, उरलेल्या १३९ साठी मध्ये २७८ मिमीचा तिरका सरळ तुकडा. पूर्ण चढाला आडवी लांबी लागते ८४१ मिमी. दुसऱ्या बाजूला उतार तसाच.

ही लांबी बीमच्या मधल्या जागेत मावते का ते पाहू. बीमच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३६०० आणि बीमची रुंदी ३००, म्हणजे मोकळे ३३००. डक्ट फ्लँज-इन्सुलेशनसह ९१० रुंद आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना ५० धरून वरचा सपाट भाग १०१०. दोन चढ-उतारांचे १६८२ मिळवले की २६९२. उरले ६०८, डक्ट बरोबर मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना ३०४. चढ बीमच्या अगदी कडेलाच सुरू होऊ नये, केबल ओढताना ती बीमच्या कोपऱ्याला घासते. म्हणून किमान १०० सोडा. याचा अर्थ डक्टची मध्यरेषा बीममधल्या मध्यापासून २०० पर्यंत सरकलेली असली तरी हे डिझाइन चालते. त्याहून जास्त सरकली असेल तर थांबा आणि मला कळवा. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला वेगळा कोन असे काही जागेवर ठरवू नका.

सपोर्टबद्दल. ट्रेचे रॉड स्लॅबमधून येतात आणि ट्रे डक्टच्या वर आहे, त्यामुळे त्यांचा डक्टशी संबंध येत नाही. अडचण उलट बाजूने आहे. डक्टच्या हँगरचे रॉड स्लॅबमधून खाली येतात आणि उचललेला ट्रे नेमका त्यांच्या वाटेत येतो. तुमच्या शॉप ड्रॉइंगमध्ये डक्टचा एक हँगर कॉरिडॉरच्या मध्याजवळ दाखवला आहे, तो ट्रेच्या रुंदीत पडतो. तो काढून ट्रेच्या दोन्ही बाजूंना एकेक हँगर द्या, ट्रेच्या कडेपासून रॉड ७५ मिमी लांब ठेवून. दोन हँगरमध्ये मग ७५० मिमी अंतर होईल, डक्टला ते आरामात चालते. ट्रेला वरच्या सपाट भागाच्या मध्यावर एक सपोर्ट द्या, आणि चढ-उताराच्या खालच्या टोकांना बेंड संपल्यावर ६०० च्या आत एकेक. कुठल्याही परिस्थितीत ट्रेचे चॅनल डक्टच्या रॉडला अडकवायचे नाही. प्रत्येक फिटिंगच्या जोडावर अर्थिंगची पट्टी नेहमीप्रमाणे.

केबल ओढताना खालच्या दोन बेंडवर लक्ष ठेवा. ताण आला की केबल तिथे ट्रेवरून वर उचलली जाते आणि सरळ रेषेत जायला पाहते. तिला दाबून धरणारा रोलर लावा, माणसाच्या हाताने किंवा टायने धरू नका. वरच्या बेंडवर ती ट्रेवर दाबली जाते, तिथे साधा रोलर पुरतो. केबल बसल्यावर तिरक्या भागात क्लीट लावा, नुसत्या टायवर केबलचे वजन सोडू नका. केबलची लांबी या वळणाने सुमारे १३० मिमीच वाढते, त्यामुळे व्होल्टेज ड्रॉपची गणना बदलत नाही. पण ड्रमवरून मापाने तुकडे आधीच कापले असतील तर टर्मिनेशनच्या टोकाला किती शिल्लक आहे ते पाहून घ्या. केबल आधीच ओढून झाल्या असत्या तर उत्तर वेगळे असते. ताणून बसवलेल्या केबल ३०० मिमी उचलता येत नाहीत, मग भिंत फोडण्याचाच विचार करावा लागला असता.

आता मापे. पहिले, डक्टच्या मध्यरेषेचे दोन्ही बीमच्या कडांपासूनचे अंतर, जागेवर मोजलेले. दुसरे, डक्ट जिथे ओलांडतो त्या ६०० च्या पट्ट्यात स्लॅबच्या तळाची सर्वात खालची लेव्हल. लेव्हल भिंतीवरच्या तयार फरशीच्या एक मीटर खुणेपासून लेझरने घ्या. खालच्या काँक्रीटवर टेप टेकवून घेतलेले माप नको. तिथे फरशीचा थर अजून पडलेला नाही आणि माप ७५ मिमी जास्त येईल. तुमच्या फोटोत टेप काँक्रीटवरच टेकलेली दिसते, म्हणून मुद्दाम लिहितो. दोन्ही मापे बसली की शॉप ड्रॉइंगमध्ये ट्रे आणि डक्ट एकाच सेक्शनवर दाखवून पाठवा. त्यात फ्लँज, इन्सुलेशन, चॅनल आणि रॉडचे टोक काढलेले हवे.

हे उत्तर तांत्रिक खुलासा आहे, जादा कामाची मंजुरी नाही. लागलेल्या ट्रेचे दोन तुकडे काढणे आणि चार बेंड यांचा खर्च तुम्हाला मागायचा असेल तर काम सुरू करण्याआधी तशी नोटीस प्रकल्प व्यवस्थापकांकडे द्या, नंतर नको. सीलिंगवाल्याला ग्रिड ४ ते ५ सोडून पुढे जायला सांगा. त्या बेमध्ये डॅम्परच्या तपासणीच्या दाराखाली उघडता येणारे पॅनेल ठेवायचे आहे, त्याची जागा मी सीलिंगच्या ड्रॉइंगवर वेगळी कळवतो.